नवीन फोनवर मोटरच्या ॲपचा एकही अलर्ट येत नाही, जुन्यावर येत होता

बागायती_वरूड | २ मे, रात्री ९:४०

राम राम मंडळी. वरूड तालुक्यात संत्र्याची बाग आहे, आंबियाची फळं आता लिंबाएवढी झाली. विहिरीवरच्या मोटरले मोबाईलवाला स्टार्टर बसवला त्याले दोन वर्षं झाली. लाईन आली, मोटर चालू झाली, फेज गेला, विहिरीतलं पानी खाली गेलं, सगळ्याचा अलर्ट फोनवर यायचा. मागच्या आठवड्यात जुना फोन पान्यात पडला म्हनून नवा घेतला. तेच ॲप टाकलं, तोच नंबर, तोच स्टार्टर. पन फोन एकदम मुका. परवा रात्री दोनदा फेज जाऊन मोटर बंद पडली अन् सकाळी वावरात गेल्यावर समजलं. अर्ध्या बागेले पानीच नाई. या उन्हात एक पाळी चुकली तर फळगळ होते हे तुमाले सांगाची गरज नाई.

दुकानवाला म्हनते ॲप खराब आहे. ॲपवाले म्हनतात फोन खराब आहे. आता मी कोनाले धरू?

पऱ्हाटी | २ मे, रात्री १०:०५

भाऊ, हे मी माझ्या साळ्याच्या फोनमध्ये सोडवलं आहे. नवीन अँड्रॉइडमध्ये ॲपला नोटिफिकेशनची परवानगी वेगळी द्यावी लागते. सेटिंगमध्ये वरच्या शोधपट्टीत `Notification access` टाका, ॲप्सची यादी येईल. त्यात तुमचं मोटरचं ॲप असेल, ते चालू करा. फोन भीती दाखवतो, पण `Allow` दाबून मोकळे व्हा.

बागायती_वरूड | २ मे, रात्री १०:२२

पाहिलं बावा. त्या यादीत घड्याळाचं एक ॲप आहे अन् दुसरं एक. मोटरचं नाई.

आर्वीकर | २ मे, रात्री १०:५०

नसणारच, आणि नाही तेच बरं. पऱ्हाटीभाऊ, तुमचं निदान बरोबर आहे पण दार चुकलं. नोटिफिकेशन पाठवायची परवानगी वेगळी आणि `Notification access` वेगळं. दुसऱ्यात तुम्ही त्या ॲपला फोनवर येणारी सगळ्यांची नोटिफिकेशन वाचायची मुभा देता. त्यात बँकेचा ओटीपीही आला. घड्याळाच्या ॲपला ते लागतं, कारण मनगटावर मेसेज दाखवायचा असतो. मोटरच्या ॲपला त्याचं काय काम? साळ्याच्या फोनमध्ये कुठलं ॲप चालू करून ठेवलंय ते एकदा पाहून घ्या.

बागायतीकाका, मी आर्वीचा, पुण्यात ॲप बनवायचंच काम करतो. तीन गोष्टी सांगा. नवीन फोनमध्ये अँड्रॉइड कितवं आहे? सेटिंगमध्ये `About phone` मध्ये दिसेल. ॲप उघडल्यावर परवाच्या रात्रीची नोंद आत दिसते का? आणि ॲप पहिल्यांदा उघडलं तेव्हा फोननं काही विचारलं होतं का?

गुरुजी_दारव्हा | ३ मे, सकाळी ७:१५

माझ्या फोनवर तर दिवसभर अलर्ट येतात. कर्ज घ्या, रमी खेळा, लॉटरी लागली. ते बंद कसे करायचे हे कोणी सांगेल का? मूळ प्रश्न तोच आहे असे समजून विचारतो.

सेतूवाली | ३ मे, सकाळी ८:०२

गुरुजी, काकांचा प्रश्न नेमका उलटा आहे 😄 तुमचं सोपं. नकोसा अलर्ट आला की पुसू नका, त्याच्यावर बोट दाबून धरा. तिथंच तो बंद करायचा पर्याय येतो. ज्या ॲपची ओळखच पटत नाही ते तर सरळ काढूनच टाका.

बागायती_वरूड | ३ मे, दुपारी १:३०

वावरातून आलो. अँड्रॉइड १४ लिहिलं आहे. जुन्या फोनमध्ये ११ होतं असं पोट्टा म्हनते.

ॲपमध्ये सगळं दिसते. परवाचं पाहा ना: रात्री ११:४८ ले फेज गेला, १२:२० ले मोटर चालू, २:०५ ले पुन्हा बंद. वेळेसकट लिहून आहे. फक्त मले सांगितलं नाई.

विचारलं होतं का, तर हो, लयच विचारलं. लोकेशन पाहिजे, आनखी काय काय पाहिजे. गावात दोघांचे पैसे गेले तवापासून मी सगळ्याले `Don't allow` दाबतो. पोलिसांच्या कार्यक्रमात तसंच सांगितलं होतं, ओळखीचं नाई तर परवानगी देऊ नका.

आनखी एक. पडदा खाली ओढला की सगळ्यात खाली `1 active app` असं दिसते. दाबलं तर आपलंच ॲप. म्हंजे ते चालू तर आहे ना? मग बोलत कावून नाई?

आर्वीकर | ३ मे, दुपारी २:१०

काका, तुम्हीच सगळा पुरावा आणून दिलात.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये अँड्रॉइड १३ आलं. त्याच्या आधी ॲप टाकलं की त्याला अलर्ट पाठवायचा हक्क आपोआप मिळायचा, नको असेल तर आपण बंद करायचं. म्हणून तुमच्या ११ वाल्या फोननं कधी विचारलंच नाही. १३ पासून गणित उलटं झालं. नवीन टाकलेल्या ॲपचे अलर्ट सुरुवातीला बंदच असतात आणि फोन एकदा विचारतो, या ॲपला सूचना पाठवू द्यायच्या का? बाकीच्या प्रश्नांच्या रांगेत तोही आला आणि तुम्ही सवयीनं `Don't allow` दाबलं. गुरुजींना जो त्रास होतोय त्याच्यासाठीच हा नियम आला, आणि सापडलं मोटरचं ॲप.

ॲप जिवंत आहे हे तुम्हीच पाहिलंत. परवानगी नाकारली म्हणून ॲप बंद पडत नाही. मागे चालू असलेलं काम त्या `active app` च्या ठिकाणी दिसत राहतं, स्टार्टरचा निरोप ॲपपर्यंत पोचतो, नोंदही होते. फक्त तो निरोप पडद्यावर आणायला फोन त्याला मनाई करतो. आत नोंद आहे, वेळ बरोबर आहे आणि बाहेर एकही अलर्ट नाही, म्हणजे पहिला संशय परवानगीवर. अलर्ट येतो पण तासाभरानं येतो, किंवा ॲप उघडल्यावर पाच-सहा एकदम येऊन पडतात, असं असेल तर परवानगी ठीक आहे आणि भानगड बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगची असते.

बागायती_वरूड | ३ मे, दुपारी २:४०

मग ते परत विचारत कावून नाई? मी पन्नास वेळा उघडून पाहिलं. पोट्ट्यानं तर ॲप काढून परत टाकलं. त्यात मी लावलेले टायमर सगळे गेले, अन् अलर्ट तरी आलेच नाई. अन् माझ्या भावाच्या फोनमध्ये १३ च आहे, तेच ॲप आहे, त्याले कोनी विचारलं नाई अन् त्याचे अलर्ट येतात. हे कसं?

पऱ्हाटी | ३ मे, दुपारी ३:०५

भावाचा फोन दुसऱ्या कंपनीचा असेल. कंपनी-कंपनीत फरक असतो.

आर्वीकर | ३ मे, रात्री ९:३०

फरक असतो, पण तो मेनूच्या नावांत. इथं कारण वेगळं आहे. भावाचा फोन घेतला तेव्हा १२ असणार आणि नंतर अपडेट होऊन १३ झाला असणार. अपडेट होताना जी ॲप्स आधीपासून अलर्ट पाठवत होती त्यांना सिस्टीमनं न विचारता परवानगी देऊन टाकली. ज्यांचे अलर्ट मालकानं आधीच बंद केले होते त्यांचे बंदच ठेवले. तुमचं ॲप १४ वर नव्यानं आलं, म्हणून त्याला दारातच अडवलं.

आता परत का विचारत नाही ते. ॲप कोणत्या अँड्रॉइडसाठी तयार केलंय यावर ते अवलंबून असतं. १३ किंवा पुढच्यासाठी केलेलं असेल तर विचारायची वेळ ॲप स्वतः ठरवतं, आणि दोनदा नकार मिळाला की सिस्टीम त्याला पुन्हा विचारू देत नाही. ॲप जुन्या पद्धतीचं असेल तर सिस्टीम स्वतःच विचारते, पण तिथं एकदाच `Don't allow` म्हटलं की संपलं. मग ॲप काढून परत टाकेपर्यंत, किंवा कंपनी नव्या पद्धतीचं अपडेट देईपर्यंत प्रश्न येत नाही. प्रश्न नुसता बोटानं बाजूला सारला, काहीच निवडलं नाही, तर तो नकार धरत नाहीत.

मुलानं ॲप परत टाकलं तेव्हा प्रश्न यायलाच हवा होता. तेव्हा काय झालं ते आठवतं का?

बागायती_वरूड | ३ मे, रात्री ९:५२

पोट्ट्याले विचारलं. तो म्हनते ओटीपी टाकल्यावर विचारलं होतं, "तुमी म्हटलं होतं ना सगळ्याले नाई म्हन, म्हून मी नाई म्हटलं."

आता त्याले काय बोलू.

सेतूवाली | ३ मे, रात्री १०:१०

😂 पोराची काही चूक नाही.

माझ्या केंद्रावर असे रोज दोघं-तिघं येतात. पिकाचे अर्ज, पीकविमा, बँक, सगळ्यांची ॲप्स टाकलेली आणि एकाचाही अलर्ट नाही. लोकांना वाटतं केंद्रवाल्यानं काहीतरी बिघडवलं. मी आता ॲप टाकून देतानाच फोन ग्राहकाच्या हातात देते आणि म्हणते, लोकेशनला नाही म्हणा, फोटोला नाही म्हणा, पण "सूचना पाठवायच्या का" असं आलं तर थांबा आणि वाचा.

आणि काका, ॲप परत काढू नका, पुन्हा टायमर लावत बसाल. सेटिंगमधून होतं. मी दाखवते तो मार्ग सगळ्या फोनवर जवळपास सारखाच आहे. मोटरच्या ॲपच्या चित्रावर बोट दाबून धरा. छोटी खिडकी उघडेल, त्यात गोलात i असं असेल किंवा `App info` लिहिलं असेल. ते दाबा. आत `Notifications` अशी ओळ दिसेल, तुमच्याकडे तिच्याखाली बहुतेक बंद असल्याचं लिहिलेलं असेल. त्या ओळीत शिरा आणि सगळ्यात वरचं बटन चालू करा.

बागायती_वरूड | ४ मे, सकाळी ६:५०

ताई, तुमचा मार्ग पाहायच्या आधी रात्री पोट्ट्यानं दुसरीकडून केलं. सेटिंग, मग `Notifications`, मग `App notifications`. त्या यादीत आपलं ॲपच नाई. चार ॲप होते, सगळे रोज येनारे. मले वाटलं फोनमध्ये ॲप बरोबर बसलंच नाई.

आर्वीकर | ४ मे, सकाळी ८:२०

या जागेवर शहाणी माणसंही अडकतात. ती यादी उघडते तेव्हा बहुतेक फोनवर `Most recent` वर असते, म्हणजे नुकतेच ज्यांचे अलर्ट आले तेवढीच ॲप्स. ज्याला बोलायचीच मनाई आहे ते त्यात कसं दिसणार? यादीच्या वर ते नाव लिहिलेलं असतं, त्यावर बोट ठेवून `All apps` निवडा, ॲप लगेच दिसेल. पण ताईंचा मार्ग बरा, तो थेट त्याच ॲपवर नेतो.

बटन चालू केल्यावर खाली थोडं सरका. ॲपनं अलर्टचे प्रकार केले असतील तर तिथं एकेक बटन दिसेल. वरचं चालू असून खालचा एखादा प्रकार बंद असला तरी तो अलर्ट येत नाही. काही नव्या फोनवर हे प्रकार लपवलेले असतात. एका मोठ्या कंपनीच्या फोनवर `Notifications` मधल्या `Advanced settings` मध्ये जाऊन ते आधी दाखवायला सांगावे लागतात.

मग तपासायचं असं: ॲप बंद करा, पडदा बंद करा आणि मुलाला विहिरीवर पाठवून स्टार्टर हातानं चालू-बंद करायला लावा. ॲप उघडं ठेवून तपासू नका, उघड्या ॲपमध्ये काही जण अलर्ट दाखवतच नाहीत, उगाच घोळ होईल.

बागायती_वरूड | ४ मे, सकाळी ११:१५

केलं. चित्र दाबून धरलं, i दाबलं, `Notifications` मध्ये गेलो. वरचं बटन राखडी रंगाचं पडून होतं. सरकवलं तर निळं झालं अन् खाली तीन ओळी उगवल्या: मोटर चालू/बंद, बिघाड, ऑफर. ऑफर तेवढी बंद केली.

पोट्टा विहिरीवर गेला. मी इकडं फोन उलटा ठेवून बसलो. त्यानं हाक मारली "चालू केली", मनात दहा-बारा मोजले अन् फोन थरथरला. पान्यात पडलेला फोन परत जिवंत व्हावा तसं वाटलं. पन आवाज नाई आला, नुसता थरथरला. बंद केल्यावरबी तसंच.

पऱ्हाटी | ४ मे, सकाळी ११:४०

अभिनंदन भाऊ. आणि आर्वीकर, साळ्याच्या फोनमध्ये पाहिलं. एक टॉर्चचं ॲप होतं. टॉर्चला आपले मेसेज कशाला वाचायचे! बंद केलं आणि काढूनही टाकलं. त्याचा जो अलर्ट सुरू झाला होता तो बहुतेक मी आणखी कुठंतरी बटन दाबल्यामुळं झाला असेल, आता आठवत नाही.

आर्वीकर | ४ मे, दुपारी १२:३०

आवाजाचं सोपं आहे. "मोटर चालू/बंद" या ओळीवरच दाबा, बटनावर नाही, ओळीच्या नावावर. आत आवाज दिसेल, तो निवडा. मी असतो तर चालू/बंद मुकंच राहू दिलं असतं आणि फक्त "बिघाड" ला मोठा आवाज दिला असता. रात्री तीनदा लाईन आली-गेली तर घरचे तुम्हाला अंगणात झोपवतील.

सेतूवाली | ४ मे, दुपारी १:२०

आता माझी एक अडचण. काल एक जण आला, त्याच्याकडं दूध संकलनवाल्यानं दिलेलं ॲप आहे. दुकानातून नाही, व्हॉट्सॲपवर फाईल पाठवून टाकायला लावलेलं. त्याचं `Notifications` चं बटन पुसट आहे, दाबलं तरी हलत नाही. फोन अँड्रॉइड १३. काढून परत टाकलं, तेच. माझ्या भाच्यानं नेटवरून ही ओळ शोधून कॉम्प्युटरला फोन जोडून चालवली, नाव अर्थातच त्या ॲपचं टाकून:

```
adb shell pm grant com.example.app android.permission.POST_NOTIFICATIONS
```

तर त्यावर लांबलचक इंग्रजी आलं, त्यात `has not requested permission` असं काहीसं होतं.

आर्वीकर | ४ मे, दुपारी २:००

भाच्यानं नेमकं उत्तर काढलं. ती ओळ बरोबर आहे, साध्या नकारात ती चालली असती. पण हे ॲप नव्या अँड्रॉइडसाठी बनवलंय आणि बनवणाऱ्यानं "मला अलर्टची परवानगी लागेल" हे आतल्या यादीत लिहिलेलंच नाही. ज्यानं मागितलंच नाही त्याला सिस्टीम देणार तरी काय? म्हणून बटन पुसट. ते ना तुम्ही दुरुस्त करू शकत, ना भाचा. बनवणाऱ्याला सांगा, एका ओळीचं काम आहे: `POST_NOTIFICATIONS` मॅनिफेस्टमध्ये टाकायचं, आणि ॲप सुरू झालं की विचारायचं.

फोन एखाद्या कंपनीनं किंवा संस्थेनं ताब्यात ठेवून दिलेला असला तरी बटन असं अडकू शकतं, पण तुमच्या माणसाचा फोन स्वतःचा दिसतो.

सेतूवाली | ४ मे, दुपारी २:१५

बनवणारा कोण हेच दूधवाल्याला माहीत नाही. तोवर तो माणूस रोज सकाळी ॲप उघडून फॅट पाहतो. विचारून ठेवते.

तेंदूपान | ५ मे, रात्री ८:४५

मी धानोऱ्याकडचा, गडचिरोली. काकांचं वाचून माझ्या हवामानाच्या ॲपचं तपासलं. परवानगी चालू, खालचे सगळे प्रकार चालू. तरी विजेचा इशारा पाऊस पडून गेल्यावर येतो. ॲप उघडलं की लगेच येतो. आमच्याकडं नेटवर्क येत-जात असतं, टेकडीवर गेलं तर मिळतं. हे परवानगीचं नाही हे कळलं, पण मग नेटवर्क म्हणावं की बॅटरी?

आर्वीकर | ५ मे, रात्री ९:२०

दोन्हीपैकी काहीही असू शकतं आणि इथं बसून सांगता येणार नाही. टेकडीवर, नेटवर्क पूर्ण असताना, फोन तासभर खिशात पडू द्या. तिथंही उशिरा आला तर बॅटरीचं सेटिंग पाहू. `App info` मध्ये `Battery` म्हणून असतं, तिथं काय लिहिलंय ते सांगा. तिथं वेळेवर आला तर मग टॉवरशी भांडण.

एक अजून पाहून ठेवा. ॲप कित्येक महिने उघडलं नसेल तर फोन त्याच्या परवानग्या आपोआप काढून घेतो आणि त्याला झोपवून ठेवतो. हवामानाचं ॲप लोक पावसाळा संपला की विसरतात आणि पुढच्या मे महिन्यात इशाऱ्याची वाट पाहत बसतात. `App info` मध्येच "न वापरल्यास थांबवा" अशा अर्थाचं बटन असतं, ते त्या एका ॲपसाठी बंद करा.

तेंदूपान | ५ मे, रात्री ९:३१

ते बटन चालूच आहे. पण ॲप मी रोज उघडतो, मग त्याचा काय संबंध? बंद करून ठेवतो तरी. टेकडीचं रविवारी पाहतो, आठवडाभर तेंदूचा हंगाम आहे, वेळ नाही.

गुरुजी_दारव्हा | ६ मे, सकाळी ६:४०

सेतूवाल्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे एक-एक दाबून धरून बंद केले. आता फोन शांत आहे. मात्र काल बँकेचाही आला नाही. बहुधा तोही दाबून धरला गेला. App info मध्ये जाऊन पाहतो.

बागायती_वरूड | ७ मे, सकाळी ७:०५

काल रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी फेज गेला. बिघाडले मी बैलगाडीच्या भोंग्यासारखा आवाज लावून ठेवला होता. मी नाई उठलो, पोट्ट्याची माय उठली. मले ढोसून म्हने, "तुमची मोटर बोंबलून रायली." विहिरीवर जाऊन डीपी पाहिली, एक फ्यूज गेला होता. तीनले पानी परत चालू.

आता ती म्हनते आवाज बदला. बदलाले बसलो तर पोट्टा शाळेत गेला. ओळीच्या नावावर दाबाचं की बटनावर, ते वर पाहून घेतो.